शुक्र मेषेत की मीनेत? एका जन्मवेळेवरून शुक्र आणि मंगळ कसे वाचावेत

अलीकडे एक प्रसंग वारंवार घडतो. विश्रामबागेतली किंवा मिरजेकडची एखादी मुलगी फोनवर आपली कुंडली काढते आणि तिथे तिला वाचायला मिळते की तिचा शुक्र मेषेत आहे, म्हणून ती प्रेमात पुढाकार घेणारी, अधीर आणि स्पष्टवक्ती आहे. घरी आल्यावर ती जन्मानंतर गुरुजींनी पिवळ्या कागदावर मांडून दिलेली पत्रिका काढते, तर तिथे शुक्र मीनेत, आणि त्याच्यापुढे ‘उच्च’ असा शेरा. मीनेचा शुक्र म्हणजे हळवा, देऊन टाकणारा, मनातले ओठांवर न आणणारा. आता यातली ती नेमकी कोण? बहुतेक जण आपल्याला आवडेल ते वर्णन ठेवतात आणि दुसरे विसरून जातात. माझ्या मते शुक्र-मंगळ वाचायला शिकण्याची योग्य जागा हाच गोंधळ आहे, कारण तो सोडवताना या वाचनाच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात.

त्यासाठी मी एक कल्पित जन्मवेळ घेतो: सांगली, २४ फेब्रुवारी १९९३, बुधवार, रात्री नऊ वाजता, मुलगी. व्यक्ती कल्पित असली तरी त्या रात्रीचे आकाश खरे आहे, आणि ते मुद्दाम निवडलेले आहे. त्या वेळी कोणी आयर्विन पुलावर उभे राहिले असते, तर सांगलीवाडीच्या बाजूला, पश्चिम क्षितिजाच्या थोडेसे वर, अतिशय तेजस्वी शुक्र दिसला असता. त्याच्या खाली तीनेक दिवसांची चंद्रकोर मावळतीला टेकलेली होती, तांबूस मंगळ जवळजवळ डोक्यावर होता आणि पूर्वेला गुरू उगवण्याच्या बेतात होता. पत्रिका म्हणजे या दृश्याचाच नकाशा असतो. पूर्व क्षितिजावर जी रास उगवत असते ती लग्नरास, म्हणजे पहिले स्थान. तिच्या समोर पश्चिमेला मावळणारी रास म्हणजे सातवे स्थान, आणि डोक्यावरचा भाग म्हणजे साधारणपणे दहावे. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली तरी पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

आधी मेष-मीनेचे भांडण मिटवू. राशी मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. पाश्चात्त्य ज्योतिषात वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होताना सूर्य जिथे असतो तो बिंदू, मेषेचा आरंभ मानतात. ही सायन पद्धत. आपली पंचांगे आणि पत्रिका ताऱ्यांच्या संदर्भाने राशी मोजतात. ही निरयन पद्धत. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांच्या तुलनेत साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो, आणि त्यामुळे दोन पद्धतींत पडलेल्या अंतराला अयनांश म्हणतात. १९९३ साली प्रचलित चित्रापक्ष किंवा लाहिरी अयनांश सुमारे पावणेचोवीस अंश होता. एक रास तीस अंशांची असल्यामुळे, एवढे अंश वजा केले की पाचांपैकी जवळजवळ चौघांचा शुक्र एक रास मागे जातो. त्या रात्री शुक्र सायन मेषेच्या मध्याच्या थोडा पुढे होता; पावणेचोवीस अंश वजा केल्यावर तो निरयन मीनेच्या शेवटच्या तृतीयांशात येतो. मंगळ सायन कर्केच्या नऊ अंशांच्या आसपास होता. वजाबाकी केल्यावर तो निरयन मिथुनेच्या मध्यावर येतो.

म्हणजे फोनवरची कुंडली खोटी नव्हती आणि गुरुजींचीही चुकलेली नव्हती. खरी चूक होते ती शुक्र एकीकडचा आणि मंगळ दुसरीकडचा घेऊन वाचण्यात. सायन पद्धतीत या मुलीचा शुक्र धीट आणि मंगळ बुजरा ठरतो: आवड चटकन सांगणार, पण दुखावली की खेकड्यासारखी आत जाणार. निरयन पद्धतीत उलट, शुक्र अबोल आणि मंगळ बोलका ठरतो. दोन्ही चित्रे आपापल्या जागी सुसंगत आहेत, मात्र सायन शुक्र आणि निरयन मंगळ एकत्र केले की धीटही आणि बोलकीही अशी मुलगी तयार होते, जी दोन्ही पद्धतींत कुठेच नाही. ॲप वापरताना सेटिंगमध्ये अयनांश लाहिरी आहे की सायन आहे, हे आधी पाहावे. यापुढे मी निरयन पद्धतीनेच जातो, कारण आपल्याकडच्या पत्रिका त्याच पद्धतीच्या असतात आणि स्थानांचे व दृष्टींचे नियमही तिच्याच परंपरेत घडले आहेत.

आता या दोन ग्रहांना काय विचारायचे ते ठरवावे लागते. शुक्राला विचारायचे की या माणसाला काय गोड वाटते आणि माया करताना तो ती कोणत्या रूपात देतो. मंगळाला विचारायचे की हवे ते मिळवायला तो कसा पुढे सरकतो, आणि चिडला, डावलला गेला की काय करतो. आपल्या जुन्या परंपरेत मंगळाकडे असे फारसे पाहिले जात नाही. स्त्रीच्या पत्रिकेत पतीचा कारक गुरू मानतात, पुरुषाच्या पत्रिकेत पत्नीचा कारक शुक्र, आणि मंगळाचा विषय बहुधा ‘मंगळ आहे का?’ एवढ्यावरच संपतो. मंगळाकडून आकर्षणाची शैली वाचण्याची पद्धत मुख्यतः पाश्चात्त्य ज्योतिषातून आली आहे. ती निरयन पत्रिकेवर वापरायला माझी हरकत नाही, फक्त हे दुसऱ्या झाडाच्या फांदीचे कलम आहे याची जाणीव ठेवावी.

मीन ही गुरूची रास. तिथे शुक्र उच्चीचा असतो आणि त्याचा परमोच्च अंश सत्तावीस मानतात. आपल्या उदाहरणातला शुक्र त्याच्या अगदी जवळ आहे. ‘उच्च’ म्हणजे प्रेमात यशस्वी, असा अर्थ लोक चटकन काढतात आणि तो चुकतो. उच्च म्हणजे त्या ग्रहाचा स्वभाव तिथे भरभरून, कमी अडथळ्याने वाहतो, इतकेच. मीनेत शुक्राचा देण्याचा स्वभाव मोकळा होतो, म्हणून अशा व्यक्तीची माया न मागता मिळते: समोरच्याचा चेहरा पाहून त्याला काय हवे ते ओळखणे, त्याच्या दुःखाने स्वतः हळहळणे, चूक पदरात घेणे. याची दुसरी बाजूही याच राशीतून येते. कुठे थांबायचे ते कळत नाही, माणूस जसा आहे त्यापेक्षा जसा असावा असे वाटते तसा दिसतो, आणि स्वतःला काय हवे हे सांगायचे राहून जाते. शुक्र उच्चीचा असूनही मी नेहमी फसतो, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. त्यात विरोधाभास काहीच नाही.

पण इथेच थांबावे लागते, कारण राशीवरून केलेले वर्णन या मुलीचे एकटीचे नाही. शुक्र एका राशीत साधारण महिनाभर राहतो. वक्री होतो, म्हणजे आकाशात उलटा सरकताना दिसतो, तेव्हा खूप जास्त. १९९३ मध्ये तो मार्च-एप्रिलमध्ये वक्री होता, त्यामुळे जानेवारीच्या अखेरीपासून मे महिना संपत येईपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, निरयन मीनेतच होता. मंगळही तेव्हा नुकताच वक्रगतीतून सुटला होता आणि बरेच दिवस मिथुनेत रेंगाळत होता. त्या काळात सांगली-साताऱ्यापासून लंडनपर्यंत जन्मलेल्या असंख्य मुलांचा शुक्र मीनेत आणि मंगळ मिथुनेत आहे. शिवाय शुक्र पृथ्वीवरून पाहताना सूर्यापासून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांपेक्षा लांब जात नाही, म्हणून तो सूर्याच्या राशीत किंवा तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन-दोन राशींतच सापडतो. इंटरनेटवरचे बहुतेक लेख बारा राशींची बारा वर्णने देऊन थांबतात. ती वाचायला मजेदार असतात, पण ती एका माणसाला नव्हे तर एका हंगामाला लागू होतात.

माणूस वेगळा होतो तो स्थानांमुळे. लग्नरास साधारण दोन तासांत बदलते, आणि तिच्याबरोबर प्रत्येक ग्रहाचे स्थान बदलते. आपल्या उदाहरणात नऊ वाजता कन्या रास उगवत होती. कन्येपासून मोजले की मीन सातवी, म्हणून शुक्र सातव्या स्थानी. मिथुन दहावी, म्हणून मंगळ दहाव्या स्थानी. पुलावरून दिसलेल्या दृश्याशी हे पडताळून पाहा: शुक्र मावळतीला, मंगळ डोक्यावर.

सातव्या स्थानी असलेला मीनेचा शुक्र आपली माया अनेकांत वाटत नाही, तो ती एका माणसापुढे ओततो. मंगळ दहाव्यात, म्हणजे कामाच्या, लोकांसमोरच्या जागी आहे. असा मंगळ आपली धग कृतीत आणि कर्तबगारीत खर्च करतो. आवडत्या माणसासाठी काम करून दाखवणे ही त्याची जवळ येण्याची रीत. मिथुन रास ही शब्दांची, थट्टेची, चौकसपणाची. तिचा स्वामी बुध हा मंगळाचा शत्रू मानला जातो, त्यामुळे मंगळ इथे जरा अस्वस्थ असतो आणि सरळ झडप घालण्याऐवजी बोलण्यातून वाट काढतो. ही मुलगी ज्याच्याकडे ओढली जाते त्याला टोमणे मारते, त्याच्या कामात चुका काढते आणि मग रात्री बसून त्याची ती चूक स्वतः दुरुस्त करून देते, असे वर्णन मी केले तर ते याच दोन गोष्टींतून, म्हणजे मिथुन राशीतून आणि दहाव्या स्थानातून, आलेले असते. चिडली तर ती भांडी आपटणार नाही. मुद्देसूद वाद घालेल आणि गेल्या वर्षीचे वाक्य शब्दशः परत म्हणून दाखवेल.

त्याच रात्री दुसऱ्या एखाद्या घरी साडेसातला बाळ झाले असते तर सिंह लग्न आले असते. ग्रह जिथल्या तिथेच, पण शुक्र आठव्या स्थानी आणि मंगळ अकराव्या. मग तीच मीनेची माया गुप्त राहते. तिला खोल आणि काहीशी भीतियुक्त आसक्ती चिकटते, आणि मंगळाची बोलकी थट्टा मित्रमंडळींत खर्च होते. साडेदहाला जन्म झाला असता तर तूळ लग्न, शुक्र सहाव्या स्थानी आणि मंगळ नवव्या. सहाव्या स्थानातला शुक्र शुश्रूषेतून प्रेम करतो: औषधाच्या वेळा लक्षात ठेवणे, डबा भरून देणे, आणि मग आपली किंमत कोणाला नाही म्हणून धुसफुसणे. ॲपच्या भाषेत तिघींची ओळख एकच आहे, शुक्र मीन आणि मंगळ मिथुन.

स्थानानंतर दृष्टी पाहायची. प्रत्येक ग्रह आपल्यापासून सातव्या स्थानाकडे पाहतो. मंगळ त्याशिवाय चौथ्या आणि आठव्याकडे, गुरू पाचव्या आणि नवव्याकडे, शनी तिसऱ्या आणि दहाव्याकडे पाहतो. मोजताना ग्रह ज्या राशीत आहे ती पहिली धरायची. नवखे लोक इथेच एकाने चुकतात. त्या रात्री गुरू कन्येत, म्हणजे लग्नातच होता, आणि कन्येपासून सातवी रास मीन. म्हणजे शुक्रावर त्याच्याच राशिस्वामीची पूर्ण दृष्टी आहे. शनी मकरेच्या अखेरच्या अंशांत, पाचव्या स्थानी होता, आणि मकरेपासून तिसरी रासही मीनच. शुक्र एकाच वेळी गुरू आणि शनी या दोघांच्या नजरेखाली आहे.

या पत्रिकेचा गाभा मला इथे दिसतो. नुसता मीनेचा शुक्र वाहवत जाणारा आहे, असे वर म्हटले. पण शनीची दृष्टी त्याला बांध घालते. ही मुलगी आवड लगेच कबूल करणार नाही, दोन-तीन वर्षे पाहील, आणि समोरचा माणूस किती गोड बोलतो यापेक्षा वेळेवर येतो का, दिलेला शब्द पाळतो का यावर त्याला जोखेल. पाचवे स्थान प्रेमप्रकरणांचे मानतात. तिथे शनी स्वतःच्या राशीत बसलेला असल्यामुळे ही सावधगिरी दुहेरी होते. त्याच पाचव्या स्थानावर मंगळाची आठवी दृष्टी आहे, कारण मिथुनेपासून आठवी रास मकर. थांबून पाहायचे आणि एकदाचे बोलून टाकायचे, अशी ओढाताण तिथे आहे, आणि ती बहुधा फटकळ बोलण्यातून बाहेर पडते. गुरूच्या दृष्टीमुळे तिच्या प्रेमाला आदराची जोड लागते. ज्याच्याकडून काही शिकता येते असा माणूस तिला ओढतो. याच दृष्टीचा एक त्रासदायक परिणाम असा की माया करता करता ती उपदेश करू लागते.

शुक्र आणि मंगळ यांचे आपसांत काय आहे? मंगळाच्या दृष्टी कन्या, धनू आणि मकर या राशींवर पडतात; मीनेवर पडत नाहीत. शुक्राची एकच दृष्टी कन्येवर आहे. म्हणजे दोघे एकमेकांना पाहत नाहीत. काय आवडते आणि ते मिळवायला काय करते, हे दोन कप्पे वेगळे राहतात, आणि म्हणूनच तिच्या टोमण्यांमागची माया समोरच्याला उशिरा कळते. पाश्चात्त्य पद्धतीत मात्र हे दोघे साधारण नव्वद अंशांच्या जवळ असल्याने त्यांच्यात ताणाचा संबंध धरला असता. नियम वेगळा, म्हणून उत्तर वेगळे; दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नये असे मी म्हटले ते यासाठीसुद्धा.

चंद्राचा उल्लेख टाळता येत नाही, कारण तो त्या रात्री मीनेतच, शुक्राच्या शेजारी होता. आपल्याकडे ‘तुझी रास कोणती?’ असे विचारतात तेव्हा चंद्ररासच विचारलेली असते, म्हणून या मुलीची रास मीन. मन आणि माया एकाच घरात असल्यामुळे तिच्या बाबतीत रुसवा आणि प्रेम वेगळे काढता येत नाहीत. आणि इथेच आपल्या विवाह-बाजारातला एक गमतीचा प्रकार दिसतो. लग्नराशीपासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिकेला मंगळ आहे म्हणतात. हिचा मंगळ दहाव्यात, म्हणून मंगळ नाही. पण काही जण चंद्रापासूनही मोजतात, आणि मीनेपासून मिथुन चौथी येते, म्हणजे मंगळ आहे! एकाच मुलीला एका घरून होकार आणि दुसऱ्या घरून नकार यायला एवढे पुरते. तिचा स्वभाव, ती भांडते कशी, जवळ येते कशी, याबद्दल या दोन्ही घरांनी मंगळाला काहीच विचारलेले नसते. मला हे मंगळाचे सर्वांत दरिद्री वाचन वाटते.

शुक्राच्या बाबतीत आणखी एक तपासणी करावी: तो सूर्याच्या फार जवळ आहे का. साधारण दहा अंशांच्या आत, आणि वक्री असल्यास आठ अंशांच्या आत आला की शुक्र अस्तंगत धरतात, आणि अशा वेळी माया असूनही ती दाखवता येत नाही असे वाचतात. आपल्या उदाहरणात शुक्र सूर्यापासून चाळीस अंशांहून अधिक दूर होता, म्हणूनच तो रात्री नऊपर्यंत आकाशात लखलखत राहिला. इथेही गणिताआधी डोळ्यांनी पडताळा घेता येतो.

या सगळ्याची मर्यादा काय, हे मी लपवू इच्छित नाही. डॉ. जयंत नारळीकर आणि साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासह काही जणांनी २००८ मध्ये महाराष्ट्रात एक चाचणी घेतली होती. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना देऊन, कोणती पत्रिका कोणाची हे ओळखायला सांगितले होते. उत्तरे पाठवणाऱ्या सत्तावीस ज्योतिषांची सरासरी ४६ टक्के आली, म्हणजे नाणे उडवून मिळाली असती त्यापेक्षा बरी नाही. अमेरिकेतल्या शॉन कार्लसन यांच्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही ज्योतिषांना पत्रिका आणि स्वभाववर्णन यांची जोडी योगायोगापेक्षा चांगली लावता आली नव्हती. वर मी केलेले वर्णन परंपरेच्या नियमांतून शिस्तीने काढलेले आहे. ते त्या मुलीला लागू पडेलच याचा पुरावा त्या नियमांत नाही. म्हणून मी ते समोरच्याला प्रश्नाच्या रूपात सांगतो. ‘तू आवडलेल्या माणसाच्या चुका काढतेस का?’ असे विचारले की ती हसते किंवा नाही म्हणते, आणि नाही म्हणाली तर मी तिच्याशी वाद घालत नाही. वाचन चुकतेय हे ओळखण्याची एक खूणही सांगतो: वर्णन उलटे करून वाचले तरी ऐकणारा मान डोलावत असेल, तर ते वर्णन इतके सैल आहे की कोणालाही बसते.

आणि प्रत्यक्षात बिघडते ते बहुतेक वेळा जन्मवेळेत. आपल्या उदाहरणात रात्री दहाच्या सुमाराला कन्या लग्न संपून तूळ लागते. नोंद ‘रात्री दहा’ अशी गोळाबेरीज केलेली असेल, तर शुक्र सातव्यात की सहाव्यात हे ठरतच नाही, आणि अशा पत्रिकेवरून स्थानाचे एकही वाक्य बोलू नये. मी अशा वेळी आईला भेटायला सांगतो. घड्याळातली वेळ तिला बहुधा आठवत नाही, पण बाळ झाल्याचा निरोप घरी पोहोचला तेव्हा जेवणे आटोपली होती की पाने मांडलेली होती, हे तिला कोणी ना कोणी सांगितलेले असते. निरोप जेवणाआधी पोहोचला असेल, तर तूळ लग्न सोडून देता येते.